आकड्याला कलम हवे

16 फेब्रुवारी 2017 रोजी लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ओ’फॅरेल यांनी सॅप विरुद्ध डिआजिओ या खटल्याचा निकाल दिला. डिआजिओ ही मद्यव्यवसायातली बलाढ्य ब्रिटिश कंपनी. तिने 2004 मध्ये सॅपशी परवाना करार केला होता आणि पुढच्या अकरा-बारा वर्षांत परवाना व देखभालीपोटी पाच कोटी ते सहा कोटी दहा लाख पौंडांच्या दरम्यान रक्कम भरली होती. तरीही सॅपने तिच्याकडे आणखी 5,45,03,578 पौंड मागितले. जादा शुल्क देणे लागते, हे न्यायालयाने मान्य केले. ते नेमके किती, हा प्रश्न मात्र पुढच्या टप्प्यासाठी ठेवला.

झाले होते ते असे. डिआजिओने सेल्सफोर्सच्या आधाराने दोन नव्या प्रणाली उभ्या केल्या. एक फिरत्या विक्री प्रतिनिधींसाठी होती. दुसरी ग्राहकांसाठी, म्हणजे डिआजिओचा माल विकत घेणाऱ्या दुकानांसाठी आणि पबसाठी. हे ग्राहक आधी कॉल सेंटरला फोन करत आणि तिथला कर्मचारी ऑर्डर सॅपमध्ये नोंदवत असे. आता ग्राहक स्वतः वेब पोर्टलवर ऑर्डर नोंदवू लागले आणि ती माहिती सॅपच्याच पीआय नावाच्या जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून मूळ प्रणालीत पोहोचू लागली. या पीआयचा परवाना डिआजिओकडे होता. त्यामुळे कंपनीचे म्हणणे असे की, दाराची किल्ली आम्ही विकत घेतली आहे, आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाचे वेगळे पैसे कशाला? न्यायालयाने ते मानले नाही. करारात ‘नेम्ड युजर’ची, म्हणजे नावानिशी नोंदलेल्या वापरकर्त्याची, व्याख्या होती आणि तीत प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष प्रवेशाचा अधिकार असलेली व्यक्ती धरलेली होती. पोर्टलवर ऑर्डर देणारा दुकानदार सॅपचा पडदा कधीही पाहत नव्हता, पण व्याख्येतल्या ‘अप्रत्यक्ष’ या शब्दाने त्याला आत ओढले.

आता विचार असा करायचा की, या कराराचा गोषवारा डिआजिओच्या आयटी व्यवस्थापकाच्या टेबलावर असता तर त्यात काय लिहिलेले असते? बहुतेक कंपन्यांत जसे लिहितात तसेच असते. परवान्याचा प्रकार: नेम्ड युजर. संख्या: इतकी. देखभालीचे नूतनीकरण: वार्षिक. ऑडिटचा हक्क: आहे. यातली प्रत्येक नोंद खरी ठरली असती आणि तरीही पोर्टल उभारण्याचा निर्णय घेताना तिचा काडीचाही उपयोग झाला नसता. माझे म्हणणे इथून सुरू होते. सॉफ्टवेअर कराराचा गोषवारा म्हणजे करारातले आकडे वेचून ठेवणे नव्हे. आकडा ज्या व्याख्येवर उभा आहे ती व्याख्या आणि ती ज्या कलमात आहे त्या कलमाचा क्रमांक त्याच्या शेजारी नसेल, तर तो आकडा न लिहिलेला बरा. कोरा रकाना माणसाला शोध घ्यायला लावतो. भरलेला रकाना शोध थांबवतो.

आपल्याकडे जमीन घेणारा शहाणा माणूस सातबाऱ्यावरचे क्षेत्र पाहून व्यवहार करत नाही. तो ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा आहे का ते पाहतो आणि फेरफाराचे क्रमांक घेऊन मागे जातो. सातबारा हादेखील गोषवाराच आहे, पण तो आपल्या मागच्या कागदांकडे बोट दाखवतो, म्हणून त्यावर विश्वास ठेवता येतो. सॉफ्टवेअर करारांचे जे तक्ते मी पाहतो त्यांत नेमके हे बोट दाखवणे नसते.

प्रश्न अमूर्त राहू नये म्हणून एक काल्पनिक करार घेऊ. समजा, चाकणमधला एक कारखाना उत्पादनाच्या नोंदींसाठी क्लाउडवरचे एक सॉफ्टवेअर वापरतो. 1 जुलै 2023 पासून तीन वर्षांसाठी 240 सीट घेतल्या आहेत, दर सीटमागे महिन्याला 2,600 रुपये. फाइलमध्ये एक मुख्य करार आहे, एक ऑर्डर फॉर्म आहे, फेब्रुवारी 2024 मध्ये आणखी 40 सीट घेतल्याचा दुसरा ऑर्डर फॉर्म आहे आणि मुख्य करारात एका वेब पानाचा उल्लेख आहे, जिथे ‘वापराच्या अटी’ ठेवलेल्या आहेत.

पहिले काम वाचण्याचे नाही, कागद गोळा करण्याचे आहे. कोणता कागद कोणावर भारी हे आधी ठरवावे लागते. मुख्य करारात बहुधा शेवटाकडे प्राधान्यक्रमाचे कलम असते: विसंगती आली तर ऑर्डर फॉर्म चालेल की मुख्य करार. काही करारांत ऑर्डर फॉर्म वरचढ असतो. काहींत मुख्य करार वरचढ असतो आणि ऑर्डर फॉर्मने त्यात बदल करायचा असेल तर त्या कलमाचे नाव घेऊन तसे लिहावे लागते. खरेदी विभागाने घासाघीस करून ऑर्डर फॉर्मवर मिळवलेली सवलत या एका वाक्यामुळे निरर्थक ठरू शकते. वेब पानावरच्या अटींचे तर आणखी निराळे. त्या सहीच्या दिवशीच्या लागू होतात की वेळोवेळी बदललेल्या, हे करारात पाहायचे आणि त्या पानाची प्रत तारखेसह फाइलमध्ये लावायची. ही प्रत नसेल तर तीन वर्षांनी विक्रेता जे पान दाखवील तेच पुरावा म्हणून समोर येईल, कारण तुमच्याकडे दुसरे काही नसेल.

आता सीट. कारखान्यात शॉप फ्लोअरवर 40 टर्मिनल आहेत. तीन पाळ्यांत मिळून 120 कामगार त्यांवर नोंदी करतात. या कामगारांसाठी किती सीट लागतात? करार ‘नेम्ड युजर’चा असेल तर 120, कारण प्रत्येक माणूस नावानिशी मोजायचा आणि लॉगिन वाटून घ्यायला मनाई असते. करार यंत्रामागे परवाना देणारा असेल तर 40. एका वेळी किती जण आत आहेत यावर मोजणी असेल तरी 40, पण पाळी बदलताना जाणारा आणि येणारा दोघेही काही मिनिटे आत असतील तर ती संख्या 80 पर्यंत चढू शकते आणि विक्रेत्याची मोजणी बहुधा सर्वोच्च क्षणाची असते. कारखाना तोच, माणसे तीच, उत्तरे तीन. व्यवस्थापकाच्या तक्त्यात ‘240 सीट’ एवढेच असेल तर तो कोणत्या उत्तराशी ताळमेळ घालणार?

म्हणून सीटच्या ओळीत आकडा सर्वांत शेवटी लिहावा, असा माझा आग्रह आहे. आधी व्याख्येचे मूळ शब्द, जसेच्या तसे, भाषांतर न करता. मग त्या व्याख्येतून उठणाऱ्या तीन प्रश्नांची उत्तरे. कंत्राटी कामगार आणि बाहेरची सेवा कंपनी मोजायची का? सोडून गेलेल्या माणसाची सीट दुसऱ्याला देता येते का, आणि किती वेळा? माणूस नसलेला वापर, म्हणजे दुसरी प्रणाली, स्कॅनर, सेन्सर किंवा रात्री आपोआप चालणारे काम, मोजायचा का? ओरॅकलच्या ‘नेम्ड युजर प्लस’ या मोजमापात माणसाने न चालवलेली उपकरणेही मोजली जातात. मधे दुसरे सॉफ्टवेअर बसवून अनेकांचे काम एका जोडणीतून पाठवले, तरी मोजणी पलीकडच्या टोकाला, खऱ्या वापरकर्त्यांची होते. आमच्या कल्पित कारखान्यात उद्या कोणी वजनकाटा या सॉफ्टवेअरला जोडला, तर तो वजनकाटा सीट आहे का, हा प्रश्न हास्यास्पद वाटू नये. डिआजिओचा प्रश्न मुळात याच जातीचा होता.

यावर व्यवस्थापक म्हणतात की, आमच्याकडे मोजणीचे साधन आहे, कोण कुठे लॉगिन करतो ते ते दाखवते, मग व्याख्येचा घोळ कशाला? साधन उपयोगी आहे यात वाद नाही. पण ते वापर मोजते, हक्क मोजत नाही. काही मोजमापांत तर वापराचा संबंधच उरत नाही. जानेवारी 2023 मध्ये ओरॅकलने जावा एसईच्या वर्गणीसाठी कर्मचारीसंख्येवरची आकारणी आणली. तिच्यात जावा चालवणारे किती हे पाहायचेच नसते. पूर्णवेळ, अर्धवेळ, तात्पुरते असे सगळे कर्मचारी आणि कंपनीच्या अंतर्गत कामाला हातभार लावणारे कंत्राटदार व सल्लागार यांचीही माणसे मोजायची असतात. ज्याने आयुष्यात जावाचे नाव ऐकले नाही असा भांडारातला हमालही त्या संख्येत येऊ शकतो. अशा करारात मोजणीच्या साधनाने ‘बारा संगणकांवर जावा आहे’ असे दाखवले तर ते खरे असूनही किमतीबद्दल काहीच सांगत नाही. तो आकडा मनुष्यबळ विभागाच्या पटावर आहे आणि गोषवाऱ्याने व्यवस्थापकाला तिकडे पाठवले पाहिजे.

नूतनीकरणाच्या तारखेबाबत चूक याहून साधी असते आणि म्हणूनच जास्त वेळा होते. तक्त्यात लिहिलेले असते: 30 जून 2026. ही मुदत संपण्याची तारीख झाली, निर्णयाची नव्हे. समजा, मुख्य करारात असे कलम आहे की, मुदतीच्या किमान 90 दिवस आधी लेखी नोटीस दिली नाही, तर करार आपोआप एक वर्षासाठी वाढेल. तीस जूनपासून नव्वद दिवस मागे मोजले की 1 एप्रिल येते. पण नोटिशीचे कलम वेगळ्याच पानावर असते आणि समजा, तिथे म्हटले आहे की, नोटीस कुरियरने पाठवावी आणि पाठवल्यानंतर कामकाजाच्या पाचव्या दिवशी ती मिळाली असे धरले जाईल. 1 एप्रिल 2026 ला बुधवार आहे. सुट्टी नसती तर बुधवार, 25 मार्चला पाठवलेली नोटीस बरोबर त्या दिवशी मिळाली असे मानले गेले असते. पण त्याच दिवसांत रामनवमी आणि महावीर जयंती येतात. विक्रेत्याचे कार्यालय कुठल्या राज्यात किंवा देशात आहे, आणि कामकाजाचा दिवस कुठल्या सुट्ट्यांनुसार धरायचा, यावर एक-दोन दिवस इकडचे तिकडे होतात. म्हणजे सुरक्षित तारीख 20 मार्चच्या आसपास येते. ती आर्थिक वर्षाच्या शेवटच्या पंधरवड्यात पडते, जेव्हा लेखा विभाग आणि सही करणारे अधिकारी दुसऱ्या कशाकडेही मान वर करून पाहत नाहीत. मग सीट कमी करायच्या का, हा निर्णय जानेवारीत व्हायला हवा आणि त्यासाठी वापराचा अहवाल डिसेंबरात हातात हवा.

म्हणून या ओळीत एक तारीख पुरत नाही. मुदत संपण्याची, नोटीस पोहोचण्याची, नोटीस निघण्याची आणि निर्णयाची सुरुवात करण्याची, अशा चार तारखा हव्यात. दिनदर्शिकेत घंटा वाजवणारी तारीख या यादीतली शेवटची असावी. तारीख ज्या मोजणीतून निघाली ती मोजणीही लिहावी, कारण 90 दिवस नोटीस पाठवण्यापासून की मिळण्यापासून यावर सगळे अवलंबून आहे आणि पुढच्या माणसाला ते पुन्हा तपासता आले पाहिजे.

चुकले तर किती लागते? आपल्या उदाहरणात 2,600 रुपयांचा दर सवलतीचा होता, छापील दर 4,000 रुपये आहे, आणि आपोआप होणारे नूतनीकरण ‘त्या वेळच्या छापील दराने’ होईल असे कलम आहे, असे धरू. 240 सीटचा वर्षाचा खर्च 74,88,000 रुपयांवरून 1,15,20,000 रुपयांवर जातो. एक नोटीस वेळेत न गेल्याने 40,32,000 रुपये जादा, आणि तेही कदाचित 170 सीटच लागत असताना. किमतीचे हे कलम नूतनीकरणाच्या कलमात क्वचितच सापडते. ते शुल्काच्या परिशिष्टात, नाहीतर ऑर्डर फॉर्मच्या तळटीपेत असते. जो नूतनीकरणाचे कलम वाचून थांबतो त्याला ते दिसत नाही.

आणि त्या 40 जादा सीट विसरू नयेत. दुसऱ्या ऑर्डर फॉर्मवर ‘मुदत मूळ कराराबरोबर संपेल’ असे लिहिले असेल तर प्रश्न नाही. तिथे ‘सुरुवातीपासून 36 महिने’ असे असेल तर त्या सीट फेब्रुवारी 2027 पर्यंत चालतील आणि मूळ करार बंद केला तरी त्यांचे पैसे द्यावे लागतील. तक्त्यातली ‘280 सीट’ ही बेरीज गणिताने बरोबर, कराराने चूक. दोन मुदती असतील तर दोन ओळी असाव्यात.

ऑडिटच्या हक्काकडे आयटी विभाग बहुधा ‘आहे की नाही’ अशा नजरेने पाहतो. तो हक्क जवळपास प्रत्येक मोठ्या विक्रेत्याच्या करारात असतोच. त्यामुळे ‘आहे’ ही नोंद काहीच सांगत नाही. त्याच्या सीमा काय, हे सांगावे. ओरॅकलच्या प्रमाणित करारात ऑडिटची लेखी नोटीस 45 दिवस आधी द्यायची असते. मायक्रोसॉफ्टच्या मोठ्या ग्राहकांसाठीच्या प्रचलित मसुद्यात, परवान्याविना वापर पाच टक्के किंवा अधिक निघाला, तर तपासणीचा खर्च ग्राहकावर येतो आणि कमी पडलेले परवाने किमतीच्या 125 टक्के दराने घ्यावे लागतात. हा पाच टक्क्यांचा उंबरठा व्यवस्थापकाच्या रोजच्या कामाचा आहे. 1,000 परवान्यांवर 40 चा फरक निघाला तर तुटवडा नेहमीच्या किमतीने भरून निघतो. 60 चा निघाला तर तोच तुटवडा चढ्या दराने आणि तपासनिसांच्या बिलासह भरावा लागतो. म्हणजे तिमाहीला आपणच मोजणी करायची असेल तर ती कुठल्या आकड्याला लाल रंगवावी हे या कलमातून कळते.

पण ऑडिटच्या ओळीत माझ्या मते सर्वांत मोलाची नोंद करार ज्यावर काहीच बोलत नाही त्याची असते. वर्षातून किती वेळा ऑडिट करता येईल? किती मागे जाता येईल? विक्रेत्याची मोजणीची स्क्रिप्ट आपल्या सर्व्हरवर चालवू द्यावीच लागेल का, की आपण अहवाल दिला तर पुरे? तपासणारी बाहेरची संस्था गोपनीयतेने बांधलेली आहे का? करार संपल्यावरही हा हक्क उरतो का, आणि किती काळ? यांपैकी निम्म्या प्रश्नांवर करार गप्प असतो. गोषवारा करणाऱ्याने अशा ठिकाणी रकाना रिकामा सोडू नये. रिकाम्या रकान्याचे दोन अर्थ होतात: शोधले आणि मिळाले नाही, किंवा शोधलेच नाही. ‘करार गप्प आहे, मुख्य करार आणि दोन्ही ऑर्डर फॉर्म तपासले’ असे वाक्य लिहायला अर्धे मिनिट लागते आणि नोटीस आल्यावर त्याच वाक्यावरून वकिलाचे आठवडाभराचे काम वाचते. सुरुवातीला मी कोऱ्या रकान्याची बाजू घेतली, ती चुकीच्या भरतीच्या तुलनेत. त्याहून चांगला पर्याय हा आहे.

मौनाचे महत्त्व ऑक्टोबर 2015 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात गेलेल्या एका वादातून दिसते. चॉकलेट बनवणाऱ्या मार्स कंपनीने ओरॅकलच्या ऑडिटविरुद्ध दाद मागितली होती. तिने 2,33,089 पानांची कागदपत्रे आधीच दिली होती आणि मागणी थांबत नव्हती. वादाच्या मुळाशी व्हीएमवेअर होते. सॉफ्टवेअर ज्या सर्व्हरवर चालत नाही, पण जिथे ते हलवता येऊ शकते, असे सर्व्हरही मोजायचे का? ओरॅकलचा या विषयावरचा विभागणी धोरणाचा एक प्रसिद्ध कागद आहे. तो केवळ माहितीसाठी असल्याचे आणि कोणत्याही कराराचा भाग नसल्याचे त्यातच लिहिलेले असते. प्रकरण पुढे आपसांत मिटले, त्यामुळे न्यायालयाचे मत आपल्याला मिळाले नाही. पण गोषवारा करणाऱ्याला एवढ्यावरून एक काम मिळते: प्रत्येक मर्यादेपुढे तिचा उगम लिहायचा. सही केलेल्या कागदातली मर्यादा, सही केलेल्या कागदाने आत घेतलेल्या वेब पानावरची मर्यादा आणि विक्रेत्याच्या प्रतिनिधीने ईमेलमध्ये सांगितलेली मर्यादा, या तिघींचे वजन सारखे नाही. तिसरीची नोंद तक्त्यात पहिलीसारखी केली, की ऑडिटच्या वेळी आपलाच तक्ता आपल्या विरुद्ध कबुली म्हणून वाचला जातो.

वापराच्या मर्यादांचे उरलेले बोलणे थोडक्यात आटोपते. साठवण, दिवसाला किती विनंत्या, किती चाचणी प्रती, कुठल्या देशांतून वापर, अशा त्या असतात. मर्यादेचा आकडा सगळे लिहितात. ती ओलांडली तर काय होते हे फार थोडे लिहितात, आणि तिथे तीन गोष्टी संभवतात: सेवा अडते, बिल आपोआप वाढते किंवा कराराचा भंग होतो. पहिल्यात उत्पादन थांबेल, म्हणून तांत्रिक पहारा हवा. दुसऱ्यात अंदाजपत्रक फसेल, म्हणून लेखा विभागाला कळवायला हवे. तिसऱ्यात बाहेरून काहीच दिसत नाही. सगळे सुरळीत चालते आणि देणे वाढत राहते. व्यवस्थापकाचे सर्वाधिक लक्ष या तिसऱ्या प्रकाराकडे हवे, कारण त्याची सूचना देणारे कोणीही नसते.

दोन आक्षेप मला गंभीरपणे घ्यावेसे वाटतात. पहिला वकिलांचा: कुठलाही गोषवारा अर्थ लावतो, अर्थ लावताना चुकतो, म्हणून करारच वाचा. हे तत्त्वतः बरोबर आहे. पण ज्या व्यवस्थापकाकडे ऐंशी करार आहेत आणि प्रत्येक चाळीस पानांचा आहे, तो ते वाचणार नाही. गोषवारा नसेल तर तो आठवणीवर चालेल आणि आठवण गोषवाऱ्याहून वाईट असते. मूळ शब्द आणि कलमाचा क्रमांक सोबत दिला की, अर्थ चुकला तरी वाचणाऱ्याला तो पकडायची संधी राहते. वकिलांच्या आक्षेपाला यापेक्षा चांगले उत्तर मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप व्यवस्थापकांचा: मला एक पान हवे आहे, तुम्ही चार देता. इथे मी थोडे माघार घ्यायला तयार आहे. वरचे पान एकच असावे, त्यावर आकडे आणि तारखा असाव्यात. पण प्रत्येक आकड्यापुढे कलमाचा क्रमांक असावा आणि मागे व्याख्या, मौनाच्या नोंदी, तपासलेल्या कागदांची यादी, तपासणीची तारीख असावी. ज्या नोंदीत अर्थ दोन निघतात तिथे दोन्ही लिहावेत आणि जो आपल्याला महाग पडतो तो आधी लिहावा. संदिग्ध जागी स्वस्त अर्थ निवडून तक्ता नीटनेटका करणे, हा या कामातला सर्वांत मोठा दोष आहे असे मी मानतो. तो दोष आळसातून येत नाही, वरिष्ठाला स्पष्ट उत्तर देण्याच्या इच्छेतून येतो, म्हणून तो चांगल्या माणसांकडूनही होतो.

गोषवारा पुरेसा झाला का, हे ओळखायची एक कसोटी आहे. ज्याने तो केलेला नाही अशा दुसऱ्या माणसाच्या हाती द्यावा आणि त्याला एक घटना सांगावी: पुढच्या महिन्यात आपण पुरवठादारांना या प्रणालीत स्वतः साठा पाहू देणार आहोत, मग काय होईल? त्याला गोषवाऱ्यावरून योग्य कलम सापडले आणि ‘हे विचारल्याशिवाय करू नका’ एवढे म्हणता आले, तरी काम झाले. तो ‘आपल्याकडे 240 आहेत, 190 वापरात आहेत, जागा आहे’ असे म्हणाला, तर तो गोषवारा परत करावा.

डिआजिओच्या निकालानंतर, एप्रिल 2018 मध्ये, सॅपने अप्रत्यक्ष वापरासाठी आकारणीची नवी पद्धत आणली. बाहेरच्या प्रणालीतून वापरणारी माणसे मोजण्याऐवजी तीत विक्री ऑर्डर, बीजक अशा ठरावीक नऊ प्रकारच्या दस्तऐवजांची संख्या मोजतात. जुन्या ग्राहकांवर ती आपोआप लागू झाली नाही. नव्या पद्धतीत जायचे की जुन्यातच राहायचे, ही निवड त्यांची होती. ज्यांनी निवड केली नाही त्यांच्यासाठी सही केलेल्या दिवशीची व्याख्याच चालू आहे. तुमच्या कंपनीत 2018 पूर्वीचा असा करार असेल आणि त्यानंतर तुम्ही पुरवठादारांसाठी, वितरकांसाठी किंवा ग्राहकांसाठी कुठलेही पोर्टल जोडले असेल, तर पुढच्या नूतनीकरणाची वाट पाहू नका. मूळ करार काढा, वापरकर्त्याची व्याख्या शोधा आणि आपल्या तक्त्यातल्या आकड्यापुढे त्या कलमाचा क्रमांक आजच लिहा.